भीती ही सबब होऊ शकते काय?
('वाग्दत्त वधूवर' : वाचनमंडळासाठी सातव्या आठवड्याची टिपणे)

आलेस्सांद्रो मान्झोनी यांची 'इ प्रोमेस्सी स्पोझी', म्हणजे 'वाग्दत्त वधूवर', ही अडतीस प्रकरणांची दीर्घ कादंबरी आहे. ती प्रथम १८२७ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाली. पुढे लेखकाने तिची भाषा फ्लॉरेन्सच्या बोलीच्या आधारे नव्याने घडवली आणि १८४० ते १८४२ या काळात तिची अंतिम आवृत्ती निघाली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये वाङ्निश्चय झालेल्या तरुण-तरुणींना ही कादंबरी वाचण्याचा सल्ला दिला होता. इंग्रजीत ब्रूस पेनमन यांचा १९७२ चा आणि मायकल मूर यांचा २०२२ चा, असे दोन वाचनीय अनुवाद आहेत. दहा आठवड्यांच्या वाचनक्रमात सातव्या आठवड्यासाठी आम्ही पंचविसावे आणि सव्विसावे अशी दोनच प्रकरणे सुचवीत आहोत. इतर आठवड्यांत चार-चार प्रकरणे वाचणाऱ्यांना हा वाटा लहान वाटेल. परंतु या दोन प्रकरणांच्या सांध्यावर जो संवाद घडतो, त्यात साऱ्या कादंबरीतील नैतिक प्रश्न एकवटला आहे.

तो प्रश्न असा : ज्याला जिवाची धमकी मिळाली आहे, त्याने कर्तव्य टाळले तर त्याला दोष द्यावा काय? आणि दोष द्यायचा तर तो कोणी?

प्रथम पूर्वकथेचे धागे जुळवून घेऊ. स्थळ लोंबार्दी, सत्ता स्पेनची, तारीख ७ नोव्हेंबर १६२८. कोमो सरोवराच्या काठी एका खेड्याचे धर्मगुरू डॉन अब्बोन्दियो संध्याकाळी प्रार्थनेचे पुस्तक हाती घेऊन घरी परतत असता, सरदार डॉन रोद्रीगो याचे दोन गुंड त्यांना वाटेत गाठतात. उद्या ठरलेले रेन्झो आणि लुचिया यांचे लग्न लागता कामा नये. उद्या नाही आणि कधीच नाही, असे ते बजावतात. डॉन अब्बोन्दियो निमूटपणे होकार देतात. दुसऱ्या दिवशी ते रेन्झोपुढे धर्मकायद्यातील विवाहबाधांची लॅटिन नावे फेकतात आणि त्या अशिक्षित विणकराला गोंधळात टाकून परत पाठवतात. या एका नकारातून पुढचे सारे अनर्थ उद्भवतात. वधूवरांची ताटातूट होते, रेन्झोला परागंदा व्हावे लागते, लुचियाला पळवून नेले जाते. लुचिया सुटल्यानंतर मिलानचे आर्चबिशप कार्डिनल फेदेरीगो बोर्रोमेओ त्या खेड्यात येतात, डॉन अब्बोन्दियोंना एकांतात बोलावतात आणि विचारतात, की तुम्ही त्यांचे लग्न का लावले नाही? या आठवड्याचे वाचन म्हणजे हाच संवाद.

सभेसाठी दोन तास पुरेत. आमची सूचना अशी, की आरंभी दोन वाचकांनी हा संवाद मोठ्याने वाचावा, एकाने कार्डिनलची व दुसऱ्याने डॉन अब्बोन्दियोंची वाक्ये घ्यावीत, आणि तिसऱ्याने निवेदन वाचावे. डॉन अब्बोन्दियो मोठ्याने जे बोलतात त्याहून अधिक मनातल्या मनात बोलतात. ते स्वगत मुद्दाम वेगळ्या आवाजात वाचले, तर संवादाचा निम्मा अर्थ आपोआप उलगडतो. चर्चा चालवणाऱ्याने दोन आडवाटा ओळखून ठेवाव्यात. एकीकडे 'आजकालचे धर्मगुरू' या विषयाकडे बोलणे वळते. मग पुस्तक मिटले जाते आणि गाऱ्हाणी सुरू होतात. दुसरीकडे सर्वजण कार्डिनलची स्तुती करू लागतात आणि प्रश्नच उरत नाही. कोणी दहा मिनिटे एकाही पात्राचे नाव घेतले नाही, तर पहिली आडवाट लागली असे समजावे. कोणीही डॉन अब्बोन्दियोंच्या बाजूने एक शब्द बोलला नाही, तर दुसरी लागली असे समजावे.

पहिला प्रश्न : डॉन अब्बोन्दियो जे वागले, ते त्यांच्या इच्छेने वागले काय?

सहज उत्तर येते, की नाही, ते भीतीने वागले. पण संत थॉमस अक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलचे जहाजाचे उदाहरण घेऊन या उत्तराची चिकित्सा केली आहे. वादळात सापडलेला नावाडी आपला माल समुद्रात फेकतो. माल फेकणे त्याला मुळीच आवडत नाही. पण त्या घटकेला, त्या परिस्थितीत, तो तेच करू इच्छितो. त्याचा हात कोणी दुसऱ्याने धरून हलवलेला नसतो. म्हणून भीतीपोटी केलेले कृत्य मुळात ऐच्छिकच असते, अनैच्छिकतेचा अंश त्यात केवळ एका दृष्टीने असतो, असा निर्णय संत थॉमस देतात. भीती दोष कमी करते, पण तो नेहमीच पुसून टाकते असे नाही. कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १७३५ व्या परिच्छेदातही कृत्याची जबाबदारी कमी किंवा नाहीशी करणाऱ्या कारणांत भीतीची गणना केली आहे. 'कमी किंवा नाहीशी' या शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्यातच आपली चर्चा घडायची आहे.

येथे सभासदांनी डॉन अब्बोन्दियोंच्या कृत्याचे दोन भाग करून पाहावेत. त्यांनी लग्न लावले नाही, हा एक भाग. रेन्झोशी खोटे बोलून त्याला अंधारात ठेवले, हा दुसरा. गंभीर अडचण आली असता एखादे विहित कर्म करण्यापासून माणसाला सूट मिळते, हे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या मुलीला रविवारची मिस्सा चुकल्याचा दोष लागत नाही. डॉन अब्बोन्दियो नकळत याच तत्त्वाचा आधार घेतात. परंतु कार्डिनल त्यांना विचारतात, की धर्मसभेने ही सेवा तुमच्यावर सोपवली तेव्हा तुमच्या जिवाची हमी दिली होती काय? संकट जेथे सुरू होते तेथे कर्तव्य संपते, असे तेव्हा कोणी सांगितले होते काय? पाळकाच्या पदाचा अर्थच असा, की ज्या प्रसंगी इतरांना सूट मिळते त्या प्रसंगी त्याला मिळत नाही. लांडगा दिसताच पळणारा मोलकरी आणि मेंढपाळ यांच्यात प्रभू येशूने केलेला भेद हाच आहे. आता विचारावे, की ही कसोटी केवळ धर्मगुरूंना लागू होते, की आईबापांना, शिक्षकाला, रात्रपाळीच्या परिचारिकेलाही? आणि दुसऱ्या भागाचे काय? धमकीने लग्न थांबवले, हे खरे. पण लॅटिन बोलायला गुंडांनी सांगितले नव्हते.

दुसरा प्रश्न : धैर्य स्वतःला देता येते काय?

कोंडीत सापडलेले डॉन अब्बोन्दियो एक वाक्य बोलून जातात आणि ते वाक्य इटलीत म्हणीसारखे रूढ झाले आहे. त्याचा आशय असा, की धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याला ते स्वतःहून आणता येत नाही. वाचक येथे हसतो. पण थोड्या वेळाने हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही हे त्याच्या ध्यानात येते. पहिल्याच प्रकरणात निवेदकाने सांगून ठेवले आहे, की हा मनुष्य सिंहाचे काळीज घेऊन जन्मलेला नव्हता. लोखंडी भांड्यांच्या गाडीत मातीचे मडके असावे, तशी त्याची त्या युगात अवस्था होती. धर्मगुरूपदाची कर्तव्ये कोणती याचा फारसा विचार न करता, सुखाने राहता यावे आणि मानाच्या वर्गात जागा मिळावी म्हणून नातलगांच्या इच्छेला मान देऊन त्याने दीक्षा घेतली होती. ज्याच्या प्रकृतीतच भय आहे, त्याच्याकडे वीरत्व मागणे न्याय्य आहे काय?

कार्डिनल या प्रश्नाला दोन उत्तरे देतात आणि ती वेगवेगळी धरून पाहिली पाहिजेत. पहिले कठोर आहे : मग जगाच्या वासनांशी झुंजायला लावणारे हे पद तुम्ही स्वीकारलेत कशाला? दुसरे उत्तर आम्हांला अधिक खोल वाटते. तुमच्यापाशी धैर्य नव्हते हे मान्य. पण ते मागितले असता देणारा एकजण आहे, त्याच्यापाशी तुम्ही मागितलेत काय? असंख्य रक्तसाक्षी काय जन्मतः शूर होते? आणि याच्याच जोडीला ते प्रीतीचा मुद्दा मांडतात. ती दोघे तुमची लेकरे आहेत असे तुम्हांला खरोखर वाटले असते, तर त्यांच्यासाठी तुम्हांला भीती वाटली असती. मग स्वतःसाठी वाटणारी भीती त्या भीतीपुढे मागे सरली असती. येथे धैर्य ही निराळी शक्ती नाही. ते प्रीतीच्या मागोमाग येणारे फळ आहे.

हे उत्तर कादंबरीच्या कसोटीवर टिकते काय, ते सभासदांनीच तपासावे. बहुतेकजण प्रथम फ्रा क्रिस्तोफोरो यांचे नाव घेतील, कारण हे कापुचिन संन्यासी एकटेच डॉन रोद्रीगोच्या वाड्यात जाऊन त्याला जाब विचारतात. पण ही तुलना न्याय्य नाही, हे चालकाने लक्षात आणून द्यावे. चौथ्या प्रकरणात कळते, की संन्यास घेण्यापूर्वी हा मनुष्य तापट व लढाऊ होता आणि रस्त्यातील भांडणात त्याने एकाचा जीव घेतला होता. त्याला धैर्य मागावे लागले नाही. असलेल्या धैर्याला त्याने संयमाचा लगाम घातला. खरी तुलना लुचियाशी करावी. ती स्वभावतः भित्री आहे. अनामिक सरदाराच्या गढीत ती कोपऱ्यात अंग आखडून बसलेली असते, थरथरत असते. तरीही ती त्या भयंकर माणसाला देवाच्या क्षमेविषयी चार शब्द सांगते, आणि त्या शब्दांनी त्याची झोप उडते. तिची भीती गेलेली नाही. भीतीसकट ती बोलली आहे. गेथसेमनीच्या बागेत प्रभू येशूलाही भयाने ग्रासले होते, याचे स्मरण ठेवले, तर भय वाटणे हे पाप नव्हे, एवढे तरी निश्चित होते. मग डॉन अब्बोन्दियो आणि लुचिया यांच्यात फरक कशाचा? भीतीच्या मात्रेचा, की ती कोणापुढे मांडली याचा?

तिसरा प्रश्न : वीरत्व आणि शरणागती यांच्यामध्ये काही होते काय?

आमच्या मते हा प्रश्न या आठवड्याचा गाभा आहे, म्हणून त्याला अर्धा तास द्यावा. 'मरण पत्करा, नाहीतर शरण जा' असे दोनच पर्याय आपण धरून चालतो, आणि म्हणून मनातून डॉन अब्बोन्दियोंना क्षमा करून टाकतो. परंतु त्या पहिल्याच रात्री त्यांची घरकाम करणारी पेरपेतुआ हिने तिसरा मार्ग सुचवला होता : आर्चबिशप धाडसी व न्यायी आहेत, त्यांना पत्र लिहून सारे कळवा. डॉन अब्बोन्दियोंनी तिला गप्प केले. पुढे पंचवीस प्रकरणांनंतर कार्डिनल विचारतात, की निदान मला, तुमच्या बिशपला, तुम्ही का कळवले नाही? आणि डॉन अब्बोन्दियोंच्या मनात येते, की हा तर पेरपेतुआचाच सल्ला!

मान्झोनींचे हे मर्मस्थान आहे. जे संत आणि विद्वान कार्डिनलला सुचते, तेच घरातल्या फटकळ बाईला सुचले होते. त्यासाठी सिंहाचे काळीज लागत नव्हते. कागद, शाई आणि एक विश्वासू निरोप्या लागत होता. भीतीने डॉन अब्बोन्दियोंच्या पायांतले बळ नेले एवढेच नव्हे, तर तिने त्यांची नजर अधू केली. लहानसे, शक्य असलेले, विनाधोक्याचे कृत्यही त्यांना दिसेनासे झाले. म्हणून त्यांचा खरा दोष कोणत्या क्षणी घडला, हे गटाने ठरवावे. गुंडांपुढे मान तुकवली तेव्हा? पेरपेतुआचे ऐकले नाही तेव्हा? की त्याच्याही कितीतरी आधी, 'बलवानाच्या वाटेला जायचे नाही' ही आयुष्यभराची रीत ठरवली तेव्हा? एखाद्या प्रसंगी आपण दुबळे ठरतो, तो दुबळेपणा पुष्कळदा त्या प्रसंगी जन्मलेला नसतो.

याच ठिकाणी आणखी एक बारीक गोष्ट आहे. अडचणीत आलेले डॉन अब्बोन्दियो वधूवरांवरच उलटतात : त्यांनीही माझ्या घरात शिरून कपटाने लग्न उरकण्याचा प्रयत्न केला होता! कार्डिनलना हे ठाऊक असते, कारण लुचियाने ते स्वतःहून सांगितलेले असते. अपराध लुचियाने स्वतः कबूल केला होता, आणि त्या अपराधाची वेळ ज्याने वधूवरांवर आणली तोच त्याचा ढालीसारखा उपयोग करीत होता. अन्याय सोसणारा माणूस निष्कलंक नसेल, तर त्याची बाजू घेण्याचे आपले कर्तव्य कमी होते काय?

चौथा प्रश्न : हे सांगण्याचा अधिकार कोणाचा?

पंचविसावे प्रकरण कार्डिनलच्या प्रश्नावर संपते. सव्विसाव्याच्या आरंभी कार्डिनल बोलण्यापूर्वी निवेदकच मध्ये येतो. डॉन अब्बोन्दियोंना उत्तर सुचत नाही. आणि निवेदक म्हणतो, की हातात लेखणी घेऊन, कोणाचेही भय नसताना, धैर्याचे धडे लिहीत बसणे मलाही अवघड वाटते. मग तो स्वतःची समजूत घालतो, की हे शब्द ज्याने उच्चारले तो ते आचरणातही आणीत होता, म्हणून पुढे चालू. पाठोपाठ स्वतः कार्डिनलही नमतात. आपण जे देऊ शकू की नाही हे देवच जाणे, ते इतरांकडून मागावे लागणे ही आमच्या पदाची दुर्दशा आहे, असे ते म्हणतात आणि आपले दोष दाखवण्याची डॉन अब्बोन्दियोंना विनंती करतात.

ही नम्रता केवळ बोलण्याची रीत नव्हती. फेदेरीगो बोर्रोमेओ ही इतिहासातील व्यक्ती. जन्म १५६४, संत चार्ल्स बोर्रोमेओ यांचे चुलतबंधू, १५९५ पासून १६३१ मधील मृत्यूपर्यंत मिलानचे आर्चबिशप, सुप्रसिद्ध आंब्रोझियाना ग्रंथालयाचे संस्थापक. १६३० मध्ये मिलानमध्ये प्लेग पसरला. संत चार्ल्स यांचे पवित्र अवशेष मिरवणुकीने शहरातून न्यावेत, अशी मागणी नगरपालांनी केली. गर्दीने रोग वाढेल या भयाने कार्डिनलनी प्रथम नकार दिला. पण आग्रह वाढत गेला आणि शेवटी ते राजी झाले. ११ जूनला मिरवणूक निघाली. त्यानंतर मृत्यूंची संख्या झपाट्याने वाढली. मान्झोनी हे सर्व बत्तिसाव्या प्रकरणात सांगतात, त्यावर रंगसफेदी करीत नाहीत.

तेव्हा विचारावे : एकाने दोन गुंडांपुढे मान तुकवली, दुसऱ्याने भाविक जमावापुढे. या दोन माघारींत साम्य आहे काय? एकाला स्वतःचा जीव राखायचा होता, दुसऱ्याला लोकांच्या श्रद्धेला नकार देववला नाही. दुसरी माघार अधिक क्षम्य वाटते. पण तिचे परिणाम अधिक भयंकर होते. मग दोष हेतूवरून मोजावा की परिणामांवरून? आणि न्याय करणारा स्वतःही कधी ढळतो म्हणून त्याचा न्याय खोटा ठरतो काय? येथे घाईने 'कोणालाच दोष देऊ नये' या निष्कर्षावर येण्याचा मोह होईल. कार्डिनल तसे करीत नाहीत. ते स्वतःला दोषी म्हणवतात आणि तरीही डॉन अब्बोन्दियोंना सोडत नाहीत. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे गटाने शोधावे.

पाचवा प्रश्न : पश्चात्ताप खरा होता काय?

कार्डिनलच्या नम्रतेने डॉन अब्बोन्दियो अखेर विरघळतात. ओली वात मशालीच्या ज्योतीजवळ धरली, की आधी नुसता धूर येतो, ती तडतडते, पेटायला नकार देते, पण शेवटी कशीबशी जळू लागते. निवेदकाने त्यांच्या मनाला दिलेली उपमा ही अशी आहे. त्यांना मनापासून वाईट वाटते. केवळ डॉन रोद्रीगोची आठवण मनात घोटाळत नसती, तर ते रडलेही असते. ज्यांनी पुढची प्रकरणे आधीच वाचली आहेत, त्यांना ठाऊक आहे, की अडतिसाव्या प्रकरणात वधूवर परत आल्यावर हेच डॉन अब्बोन्दियो पुन्हा टाळाटाळ करू लागतात. डॉन रोद्रीगो प्लेगने मेला याची पक्की खात्री पटते, तेव्हाच ते आनंदाने लग्न लावतात. आणि प्लेग ही आपत्ती खरी, पण नको ती माणसे झाडून नेणारी केरसुणीही होती, असे बोलून जातात.

मग ती वात पेटली होती की नव्हती? प्रायश्चित्त संस्कारात खऱ्या खेदाबरोबर सुधारण्याचा निश्चय लागतो, हे आपण लहानपणी शिकलो. डॉन अब्बोन्दियोंना खेद होता. निश्चयाच्या जागी भीतीच ठाण मांडून होती. आमचे स्वतःचे मत असे, की तो खेद ढोंगी नव्हता. परंतु दुसऱ्याच्या ज्योतीवर पेटलेली वात त्या ज्योतीजवळच राहिली, तर जळते. कार्डिनल निघून गेल्यावर तिला स्वतःचे तेल लागणार होते, आणि ते मागण्याचा सल्ला त्यांनी ऐकला, पाळला नाही. कोणी सभासद याच्या उलट मत मांडील, की मान्झोनींनी येथे माणसाच्या सुधारणेविषयी निराशाच व्यक्त केली आहे. त्याला अनामिक सरदाराचे उदाहरण समोर ठेवायला सांगावे : तोच कार्डिनल, तीच ज्योत, पण तेथे आयुष्यभराचा खुनी एका भेटीत पालटला आणि पालटलेलाच राहिला. मोठ्या पाप्याला जे साधले, ते लहान भित्र्याला का साधले नाही? या प्रश्नाला कादंबरीत तयार उत्तर नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत शेवटी ठेवला आहे.

घरी नेण्यासाठी एकच काम सुचवतो. प्रत्येकाने आपल्या मनाशी अशी एक गोष्ट शोधावी, जी आपण 'माझे काय चालणार?' म्हणून सोडून दिली आहे, आणि त्या गोष्टीत पेरपेतुआने कोणता सल्ला दिला असता, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते सभेत वाचून दाखवण्याची गरज नाही. पुढील आठवड्यासाठी सत्ताविसावे ते तिसावे प्रकरण वाचावे. त्यात लूटमार करीत येणाऱ्या परकी सैन्याच्या धास्तीने डॉन अब्बोन्दियो घर सोडून पळतात आणि आश्रयाला जातात, ते एके काळी ज्या गढीच्या नुसत्या नावाने त्यांचे पाय लटपटत, त्याच गढीत. तेथे त्यांची भीती कमी होते की वाढते, हे बारकाईने पाहावे.